शेवटच्या नाइटचा हिशेब

आषाढात ऑर्केस्ट्राला काम नसतं, म्हणून भांडणं याच महिन्यात होतात. सातारा जिल्ह्यातल्या पाच भागीदारांच्या एका ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवादक यंदा बाहेर पडला आणि दोन्ही बाजू आपापली वही घेऊन आमच्याकडे आल्या. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत आणि ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे, पण गुंता जसाच्या तसा आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या वहीतही तो असेल.

वादकाचं म्हणणं असं : सहा लाखांचं सामान घेतलं, आम्ही पाच जण, तेव्हा माझे एक लाख वीस हजार द्या. उरलेल्या चौघांचं म्हणणं : सामान ऑर्केस्ट्राचं आहे, जाणाऱ्याने आपला कीबोर्ड उचलावा आणि जावं. दोघंही चुकत होते.

आधी ठरवायला हवं होतं ते हे, की हा माणूस भागीदार होता की नाइटवर वाजवणारा. सामान संचालकाचं असेल आणि वादकाला दर कार्यक्रमाचा ठरलेला आकडा मिळत असेल, तर सामानात त्याचा काही वाटा नाही. त्याच्या थकलेल्या नाइट द्यायच्या, त्याने उचल घेतली असेल ती वळती करायची, विषय संपला. अडचण अशी की आपल्याकडे हे कुठेच लिहिलेलं नसतं. बिल एकाच्या नावावर असतं, पण त्यावरून फारसं कळत नाही, कारण दुकानात कुणीतरी एकच जण गेलेला असतो. आम्ही विचारतो ते वेगळंच : ॲम्प्लिफायर जळला तेव्हा दुरुस्तीचे पैसे कोणी दिले? इथे उत्तर स्वच्छ होतं. प्रत्येक सुपारीतून वाटणीआधी दहा टक्के बाजूला निघत, त्यातूनच खरेदी, त्यातूनच दुरुस्ती, आणि उरलेलं पाच जणांत सारखं. नफा वाटून घेत मिळून धंदा केला की कागद नसतानाही १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो. सामान पाचांचं होतं.

पण पाचांचं म्हणजे किती रुपयांचं? खरेदीची किंमत इथे निरुपयोगी आहे. सामानाने तीन हंगाम खाल्ले आहेत. चौघांनी भंगाराचा भाव लावायचा म्हटला, तोही चूक, कारण सामान भंगारात जाणार नाही, उद्या त्यावरच कार्यक्रम होणार आहेत. जुन्या सामानाच्या दोन विक्रेत्यांना विचारायचं : हे तू माझ्याकडून कितीला घेशील आणि असंच मला कितीला देशील? दोन्हींच्या मधला आकडा धरायचा. डिजिटल मिक्सरचा भाव झपाट्याने पडतो, नवं मॉडेल आलं की आणखी. टॉप आणि बेस बिन भाव धरून ठेवतात, मात्र आतला स्पीकर मूळचा आहे की कॉइल बदललेला, हे उघडून पाहायला हवं. केबल, कनेक्टर, स्टँड यांची किंमत शून्य धरा आणि वाद वाचवा. किंमत लावण्याआधी सगळं सामान दोन्ही बाजूंसमोर एकदा वाजवून बघावं, नाहीतर महिन्याभराने बंद पडलेला चॅनल कोणाच्या काळात बंद पडला यावर पुन्हा बैठक बसते. इथे किंमत निघाली तीन लाख तीस हजार.

त्यात फंडातले पंचवीस हजार मिळवले. स्पीकरच्या कर्जाचे साठ हजार बाकी होते, ते वजा केले. राहिले दोन लाख पंचाण्णव हजार, पाचवा हिस्सा एकोणसाठ हजार. इथवर दोन्ही बाजू आल्या होत्या आणि हस्तांदोलनच बाकी होतं. मग वहीचं मागचं पान उलटलं.

मागच्या पानावर आठ तारखा होत्या. गणपतीच्या पाच, नवरात्राच्या तीन. प्रत्येकीचा पाच हजार इसार घेतलेला, एकूण चाळीस हजार, आणि ते पैसे केव्हाच नव्या मॉनिटरमध्ये गेलेले. इसार ही कमाई नव्हे. कार्यक्रम होईपर्यंत ते मंडळाचं आपल्या अंगावरचं देणं असतं. ते वजा केलं नाही तर त्या पैशातून आलेल्या मॉनिटरमध्ये जाणाऱ्याला आठ हजार आज मिळतात, आणि तारखा वाजल्यावर पूर्ण सुपारीच्या वाटणीत तेच आठ हजार पुन्हा. चाळीस हजार वजा करून उरले दोन लाख पंचावन्न हजार, हिस्सा एक्कावन्न हजार. एवढी एक नोंद समजावायला आमची अख्खी दुपार गेली.

आता त्या आठ तारखांचं काय? वादकाला गणपतीत दुसरीकडे जायचं होतं. मंडळाने सुपारी ऑर्केस्ट्राला दिली होती, कीबोर्डवादकाला नव्हे, त्यामुळे बदली चालते. गायकाचं नाव फलकावर टाकून तारीख घेतली असेल तर मात्र चालत नाही. मंडळाने त्याच्यासाठीच पैसे मोजलेले असतात, आणि जिथे माणसाच्या अंगच्या कौशल्यावर करार ठरतो तिथे त्यानेच उभं राहावं लागतं. तो आलाच नाही तर त्याला न्यायालयाकडून स्टेजवर चढवता येत नाही, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. तेव्हा अशा तारखेसाठी मंडळाला आधी विचारावं आणि ते नको म्हणाले तर इसार परत करावा.

जबाबदारी कार्यक्रमाच्या तारखेवरून ठरत नाही, इसार घेतला त्या तारखेवरून ठरते. ‘मी निघतोय’ असं त्याने सांगण्याआधी घेतलेल्या तारखा त्याच्याही आहेत, नंतरच्या नाहीत. इथे आठही आधीच्या होत्या. नवरात्राच्या तीन त्याने वाजवायच्या ठरल्या. गणपतीच्या पाचांना बदली शोधला, पण त्या दिवसांत रिकामा कीबोर्डवाला स्वस्तात कुठून मिळणार? वादकाच्या वाट्याला नाइटमागे अडीच हजार येत होते, बदलीने चार हजार मागितले. वरचे दीड हजार जाणाऱ्याने सोसायचे, पाच नाइटचे साडेसात हजार. एक्कावन्नमधून ते जाऊन त्रेचाळीस हजार पाचशे राहिले. निम्मे लगेच, निम्मे नवरात्राच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर.

सामान तोडून देऊ नका, असं आम्ही दोघांनाही बजावलं. एक टॉप त्याला आणि एक यांना दिला तर दोघांकडे अर्धा सेट राहतो आणि अर्ध्या सेटला कोणी सुपारी देत नाही. रक्कम लांबवूही नये. हिशेब न मिटवता बाकीच्यांनी त्याच सामानावर धंदा चालू ठेवला, तर जाणारा त्याच्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा किंवा त्यावर वर्षाला ६ टक्के व्याज यांपैकी एक मागू शकतो, हे त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमात आहे. जाणाऱ्यालाही एक काम आहे. आपण बाहेर पडलो हे जाहीर केलं नाही, तर पुढे मंडळाचा इसार बुडाला की त्याला भागीदार समजून व्यवहार करणारे त्याचंही दार ठोठावू शकतात. कायद्याला जाहीर नोटीस लागते. निदान तारीख दिलेल्या प्रत्येक मंडळाला आणि साउंडवाल्याला व्हॉट्सॲपवर दोघांच्या नावाने एकच निरोप तरी त्याच दिवशी जावा.

सगळं मिटलं आणि निघता निघता ऑक्टोपॅडवाल्याने विचारलं, “आणि डेटा?” तीन वर्षांत वादकाने दीडशेच्या वर गाण्यांच्या स्टाइल, टोन आणि रजिस्ट्रेशन भरले होते. कीबोर्ड त्याचा स्वतःचा, पण गाणी बसवली ती सगळ्यांच्या तालमीत. तो डेटा नसेल तर बदली वादक दुसऱ्या गाण्याला उघडा पडतो. वादक म्हणाला, डेटा माझा. चौघं म्हणाले, पुसून जा. आम्ही म्हटलं, सामान एकालाच मिळतं, पण पेनड्राइव्हची प्रत दोघांना मिळते. बदलीकडे त्याच कंपनीचं, तेच मॉडेल आहे का, तेवढं बघा, नाहीतर फाइल उघडेलच असं नाही. त्यांनी तिथेच फोन लावला. मॉडेल वेगळं निघालं. त्यामुळे गणपतीच्या आधीच्या तालमींना जुना वादक नव्याशेजारी बसून टोन जुळवून देणार आहे. प्रत्येक तालमीचे पाचशे रुपये धरून ते त्या साडेसात हजारांतून कापायचे, असं त्यांनी आपसांत ठरवलं. हे आम्हाला सुचलं नव्हतं.