प्रमाणपत्र फाइलमध्ये, नोंद लायसनवर
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य यांना खुले पत्र

पेट्रोलचा टँकर चालवायला जड वाहनाचे लायसन पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 9 नुसार धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते आणि सुरक्षित वाहतुकीचा ठरलेला अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. भाषेची अट उगाच नाही. टँकरवरच्या फलकावर पेट्रोलचा 1203 हा क्रमांक असतो, आणि गळती झाली तर काय करायचे, हे केबिनमधल्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद वाचता आला नाही, तर तो असून नसल्यासारखाच.

अभ्यासक्रम तीन दिवसांचा. तो संपला की प्रमाणपत्र मिळते, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. प्रमाणपत्र म्हणजे चालक शिकला याचा दाखला, टँकर चालवण्याची परवानगी नव्हे. ते आणि लायसन जोडून आरटीओकडे साध्या कागदावर अर्ज करावा लागतो. आरटीओने लायसनवर नोंद केली, की मगच तो अधिकार मिळतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या नमुना 5 मधील दाखल्याचेही तसेच: तो अर्जाला जोडायचा कागद आहे. फोर्कलिफ्ट किंवा गोदामकामाच्या कोर्सचे प्रमाणपत्र तर मालकाने मानले तरच कामाचे. लायसनवरची नोंद मात्र सरकारी दप्तरात राहते आणि तिला मुदत असते.

या मुदतीतच खरी मेख आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वाहनाचे लायसन पाच वर्षे चालते, धोकादायक मालाचा अधिकार तीनच वर्षे. समजा, एका चालकाने दोन्ही जून 2024 मध्ये करून घेतले. जून 2027 नंतर तो त्याच लायसनवर जून 2029 पर्यंत सिमेंट नेऊ शकेल, पेट्रोल नाही. कार्डावर दोन तारखा वेगळ्या छापलेल्या असतात, पण नोकरीवर घेणारा सहसा मोठीच वाचतो. अपघात झाला, की विमा कंपनी दुसरी वाचते.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन पुरेसे ठरवले, वेगळ्या नोंदीची गरज नाही असे सांगितले. ही सवलत टँकरलाही लागू आहे असा समज करून घेणे महागात पडेल. धोकादायक मालाची अट त्या निकालाने सुटलेली नाही.

तेव्हा परिवहन आयुक्तांनी दोन गोष्टी कराव्यात. अभ्यासक्रमाच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर ‘आरटीओच्या नोंदीशिवाय या कागदावर धोकादायक मालाची गाडी चालवता येणार नाही’ हे वाक्य मराठीत ठळक छापायला लावावे. आणि तीन वर्षांची मुदत संपण्याआधी महिनाभर चालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवावा.