विश्लेषण : पीसीवर ड्युअलसेन्स ‘मुका’ का होतो?

प्लेस्टेशन ५ सोबत २०२० मध्ये आलेला ड्युअलसेन्स कंट्रोलर संगणकाला जोडला की बटणे चालतात. पण ट्रिगरचा ताण आणि हातात जाणवणारी सूक्ष्म कंपने अनेकदा गायब असतात. कंट्रोलर बिघडला, असा समज होतो. खरे कारण बहुतेकदा जोडणीत किंवा स्टीमच्या सेटिंगमध्ये असते.

अडचण कुठे येते?

पीसीवरील बहुतेक गेम एक्सबॉक्सचा कंट्रोलर गृहीत धरून बनवलेले असतात. म्हणून स्टीम ड्युअलसेन्सला एक्सबॉक्स कंट्रोलरचे सोंग देऊ शकते. त्या पद्धतीत दोन साध्या कंपन मोटारींपुरतेच आदेश असतात. ट्रिगर घट्ट करण्याचा आदेश त्यात नसतो आणि टचपॅडलाही जागा नसते. गेममध्ये चौकोन-त्रिकोणाऐवजी A, B, X, Y दिसले, तर हे सोंग चालू असल्याची ती खूण समजावी.

उपाय काय?

‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन रीमास्टर्ड’ हा २०२२ मध्ये पीसीवर आलेला गेम घेऊ. ड्युअलसेन्सच्या सुविधा त्यात मुळातच आहेत. आधी कंट्रोलर यूएसबी केबलने जोडावा. केबल फक्त चार्जिंगची नसावी. मग स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक करून `Properties`, त्यात `Controller` आणि तिथे `Disable Steam Input` निवडावे. त्यानंतर गेम पुन्हा सुरू करावा.

केबलच का?

केबल जोडल्यावर विंडोजला ड्युअलसेन्स हे चार चॅनेलचे ध्वनियंत्रही दिसते. दोन चॅनेल कंट्रोलरच्या स्पीकर-हेडफोनसाठी असतात आणि उरलेल्या दोनवरून डाव्या-उजव्या हाताची कंपने जातात. म्हणजे हे कंपन एक प्रकारचा आवाजच असतो. ब्लूटूथवर विंडोजला हे ध्वनियंत्र दिसत नाही, त्यामुळे बहुतेक गेममध्ये साधी थरथर तेवढी उरते.

यातूनच आणखी एक घोटाळा होतो. केबल लावताच गेमचा आवाज कंट्रोलरच्या छोट्या स्पीकरमधून येऊ लागतो. वैतागून अनेकजण ते ध्वनियंत्रच बंद करतात आणि कंपनेही जातात. ट्रिगर घट्ट होतो, पण कंपन नाही, असे असेल तर हीच शक्यता आधी तपासावी. यंत्र चालू ठेवून विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये नेहमीचा स्पीकर मुख्य म्हणून निवडणे पुरेसे असते.

गेममध्ये सुविधाच नसेल तर?

मग स्टीम इनपुट चालूच ठेवावे. त्यातून टचपॅडला माऊसचे किंवा एखाद्या बटणाचे काम देता येते. डीएसएक्ससारखे अ‍ॅप ट्रिगरला ठरावीक ताणही देते. मात्र गेमकडून माहिती मिळत नसेल, तर पडद्यावर बंदूक असो वा ब्रेक, ताण तोच राहतो. धनुष्याची दोरी ओढल्यासारखा बदलता ताण हवा असेल, तर तो गेम बनवणाऱ्यांनीच दिलेला असावा लागतो. म्हणून केवळ या सुविधांसाठी गेम विकत घेण्याआधी त्याच्या स्टीम पानावर ड्युअलसेन्सचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्यावे.