आधी टप्पा, मग डिफेन्डर

जालन्यातल्या ज्या मैदानांवर मी गेली काही वर्षे मुलांना बास्केटबॉल शिकवायला जातो, तिथे पहिल्या दिवसाचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, मॅच कब?" उर्दू शाळेतली मुलेही हेच विचारतात, मराठी शाळेतलीही. पीटीच्या सरांनाही तीच घाई असते, कारण जूनमध्ये शाळा उघडली की पुढच्या दोन-तीन महिन्यांत शालेय स्पर्धा येऊन ठेपतात. मग उंच अशी दहा मुले निवडायची, मधोमध चेंडू टाकायचा आणि शिट्टी वाजवायची. बाकीची मुले भिंतीला टेकून बघत बसतात. माझे म्हणणे आहे की निदान पहिले सहा तास मॅच नको. नुसती मॅचच नाही, समोर अडवणारा डिफेन्डरही नको.

ही गोष्ट आपल्या भागात जास्तच लागू पडते, आणि त्याला कारण कबड्डी आहे. आमच्याकडची मुले गुडघ्यात वाकून, हात पसरून समोरच्याला कोंडायला लहानपणीच शिकतात. बास्केटबॉलमध्ये डिफेन्डरला हेच करायचे असते. म्हणजे ज्याने कधी बास्केटबॉल पाहिलाही नाही, असा अंबडचा किंवा भोकरदनचा मुलगा पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी डिफेन्डर असतो. चेंडूचा टप्पा मात्र त्याने आयुष्यात कधी मारलेला नसतो. गल्लीत क्रिकेट असते, तिथे तो झेल घेतो, फेकतो. चालता चालता एका हाताने चेंडू जमिनीवर ढकलत राहणे हे काम कुठल्याच गल्लीत नाही. अशा दोघांना समोरासमोर उभे केले की अडवणारा दर वेळी जिंकतो. चेंडूवाला दोन टप्प्यांत चेंडू गमावतो, नाहीतर घाबरून तो छातीशी कवटाळून पळत सुटतो. त्याचे हात काहीच शिकत नाहीत. शिकतो ते एवढेच की चेंडू आला की लवकर दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा.

याच्या विरुद्धचे मत मला माहीत आहे आणि ते हलके नाही. इंग्लंडमध्ये बंकर आणि थॉर्प या दोघांनी 1982 मध्ये मांडले की सुट्या सुट्या कवायतींत मुले कसब शिकतात, पण ते कधी वापरायचे हे शिकत नाहीत. म्हणून सोप्या केलेल्या खेळातूनच शिकवावे. गल्ली क्रिकेट हा त्याचा उत्तम पुरावा म्हणता येईल, तिथे कोणी कवायत करून घेत नाही. पण गल्लीत बॅट हातात घेण्यापूर्वी मुलाने शेकडो वेळा दगड, चेंडू, चिंचा फेकलेल्या आणि झेललेल्या असतात. खेळातून शिकायला हातात काहीतरी आधी असावे लागते. पासिंगच्या बाबतीत आपल्या मुलांकडे ते आहे, ड्रिबलिंगच्या बाबतीत नाही. म्हणून दोन्हींना सारखा वेळ देण्यात अर्थ नाही. पासला डिफेन्डर लवकर आणता येतो, ड्रिबलला उशिरा.

आता प्रत्यक्ष तास कसा लावायचा ते सांगतो. समजा चोवीस मुले आहेत, दहा चेंडू आहेत आणि पस्तीस मिनिटांचा तास आहे. चेंडू पाच नंबरचे रबरी घ्यावेत. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तोच आकार आहे, आणि सात नंबरचा मोठा चेंडू त्यांच्या बोटांत मावत नाही. पाच मिनिटे अंग मोकळे करण्यात जातात. नंतर आठ-आठ मुलांचे तीन गट तीन ठिकाणी, म्हणजे तीन स्टेशनवर. प्रत्येक ठिकाणी सहा मिनिटे, मग शिट्टी आणि एका मिनिटात जागा बदलायची. वीस मिनिटांत तिन्ही ठिकाणे होतात. उरलेल्या दहा मिनिटांत डिफेन्डर नसलेल्या शर्यती: टप्पा मारत जाऊन येणे, तिघांनी पास देत मैदान पार करणे.

पहिले स्टेशन जागच्या जागी टप्प्याचे. चार चेंडू, चार जोड्या. एकाने तीस सेकंद टप्पा मारायचा, दुसऱ्याने समोर उभे राहून बोटे दाखवायची. टप्पा मारणाऱ्याने किती बोटे ते मोठ्याने सांगायचे. मग अदलाबदल. बोटे मोजायची म्हणजे मान वर ठेवावीच लागते, वेगळे सांगायला नको. चेंडू तळव्याने बडवायचा नसतो, बोटांच्या पेरांनी ढकलायचा असतो. हे पाहायलाही नको, कानाने कळते. तळवा लागला की चट् चट् असा आवाज येतो, बोटांनी ढकलला की फक्त जमिनीचा. उंची कमरेच्या खाली, आणि चेंडू पायांच्या पुढे न पडता बाजूला. सहा मिनिटांत प्रत्येक मुलाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात, म्हणजे सेकंदाला एक धरला तरी एकशेऐंशी टप्पे. मॅच लावली असती तर चोवीसपैकी चौदा जण बाहेर बसले असते आणि आतल्या दहांतही चेंडू तिघाचौघांकडेच फिरला असता.

दुसरे स्टेशन चालत्या टप्प्याचे. दोन रांगा, दोन चेंडू, रांगेत दीड-दोन पावलांवर पाण्याच्या पाच बाटल्या. बाटल्यांमधून नागमोडी जायचे, परत यायचे, आणि थांबताना दोन्ही पाय एकदम टेकून चेंडू दोन हातांत धरायचा. हे थांबणे शिकवले नाही तर पुढे प्रत्येक वेळी ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजते. या ठिकाणी चार मुलांमागे एक चेंडू असल्याने रांग लागते, आणि रांग हा स्टेशन पद्धतीचा खरा शत्रू आहे. एका रांगेत चारपेक्षा जास्त मुले दिसली की समजावे, स्टेशनच्या नावाखाली पुन्हा भिंतीला टेकणेच चालू आहे.

तिसरे स्टेशन पासचे, चार जोड्या, चार चेंडू, सुरुवातीला तीन मीटर अंतर. चेस्ट पास देताना एक पाऊल पुढे, हात पूर्ण सरळ, आणि चेंडू सुटल्यावर अंगठे जमिनीकडे वळलेले. बाउन्स पासचा टप्पा दोघांच्या बरोबर मध्ये नाही, घेणाऱ्याच्या बाजूला, साधारण दोन-तृतीयांश अंतरावर पडला पाहिजे. मध्येच पडला तर चेंडू घेणाऱ्याच्या गुडघ्यापाशी मरतो. घेणाऱ्याने दहाही बोटे पसरून आधीच दाखवायची. क्रिकेटच्या सवयीने आमची मुले दोन्ही तळवे जोडून ओंजळ करतात आणि मोठा चेंडू तिच्यावरून उसळून जातो. पास बरा की वाईट हे मी चेंडूकडे बघून ठरवत नाही, घेणाऱ्याच्या पायांकडे बघतो. त्याला पाय हलवावे लागले तर पास चुकला.

जागेचा प्रश्न आहेच. आमच्याकडची बरीचशी शालेय मैदाने मुरमाची किंवा काळ्या मातीची, त्यावर टप्पा वाकडा उडतो आणि मुलाला वाटते आपलाच हात चुकला. शाळेच्या व्हरांड्यापुढे किंवा स्टेजवर जो सिमेंटचा तुकडा असतो तो टप्प्याच्या दोन स्टेशनांना द्यावा आणि पासवाल्यांना मुरमावर पाठवावे. चेंडूत हवा कमी असली तरी हाच घोटाळा होतो. डोक्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेच्या वर आला नाही तर आधी पंप शोधा.

मुलींच्या गटात आणखी एक गोष्ट दिसते. टप्पा मारताना ओढणी घसरली की मोकळा हात तिकडे जातो, आणि तोच हात पुढे चेंडू वाचवायला लागणार असतो. पिना लावणे धोक्याचे आहे. डोक्याला घट्ट बसणारा, शिवलेला, बिनपिनेचा स्कार्फ हा सोपा उपाय. "मॅचमध्ये काढायला लावतील ना?" असे एका आईने मला विचारले होते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने ऑक्टोबर 2017 पासून नियम बदलून डोके झाकायला परवानगी दिली आहे. चेहरा झाकलेला नसावा आणि स्कार्फला लोंबणारे किंवा टोचणारे काही नसावे. हे ऐकून त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मुलीला पाठवले. शिवाय ज्या मुली धक्काबुक्कीच्या भीतीने खेळालाच नको म्हणतात, त्या बिनडिफेन्डरच्या स्टेशनवर निःसंकोच येतात आणि नंतर डिफेन्डरसमोरही टिकतात.

सहा तासांनंतर मात्र स्टेशनचा मोह सोडावा लागतो. तिथे वाकबगार झालेली मुले मोकळ्या मैदानात गरज नसताना टप्पा मारत बसतात, कारण बाटली कधी हात पुढे करत नाही. आणखी महिनाभर बाटल्याच फिरवल्या तर बंकर आणि थॉर्प यांचे म्हणणे खरे ठरते. डिफेन्डर थोडा थोडा आणायचा. आधी पास: पाच मीटरच्या चौकोनात तिघे पास देणारे आणि एक अडवणारा, त्याचे हात पाठीमागे. तो फक्त वाटेत उभा राहू शकतो, चेंडू हिसकावू शकत नाही. दोन दिवसांनी त्याचे हात सोडायचे. मग अर्ध्या मैदानावर तिघांविरुद्ध तीन, पण टप्पा बंद, फक्त पास. हे काही नवे नाही. नेस्मिथने 1891 मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला तेव्हा तो असाच होता: फुटबॉलचा चेंडू, पीचच्या टोपल्या, आणि चेंडू घेऊन पळायला बंदी. टप्पा खेळात नंतर आला. आमच्या मुलांनाही तो त्याच क्रमाने द्यावा, आधी प्रत्येकाला एकच टप्पा, मग दोन, मग मोकळीक.

हात सुटलेला डिफेन्डर समोर आला की पहिल्या दिवशी सगळ्यांच्या माना पुन्हा खाली जातात. बघणाऱ्या सरांना वाटते, सहा तास वाया गेले. तसे नसते. मी तीनच्या खेळात सलग पास मोजतो. बहुतेक चेंडू पहिल्याच पासला जात असतील तर डिफेन्डरचे हात पुन्हा मागे बांधून एक तास काढतो. तीन-चार पास सलग होत असतील तर पुढे जातो. गेल्या वर्षी सातवीच्या एका गटाची मान वर यायला तीन तास लागले. चौथ्या तासाला त्यांच्यातल्या सगळ्यात बुटक्या मुलाने डिफेन्डरकडे बघत डाव्या हाताने दोन टप्पे मारले, थांबला आणि बाउन्स पास दिला. तीनमध्ये तीन खेळत असल्यामुळे त्याला बाहेर बसवायची वेळ आली नव्हती. उंच दहांच्या यादीत तो आलाच नसता.