फिर्यादीचा अरबी अनुवाद : अनुवादकाने काय करू नये

अनुवादाच्या अभ्यासात आपण बहुधा साहित्यकृतींची उदाहरणे घेतो. साहित्यात शब्द थोडा इकडेतिकडे झाला तर रसहानी होते. पोलीस ठाण्यातील कागदात तसे झाले तर माणसाची बाजू बदलते. म्हणून या लेखात एकच नमुना घेतला आहे. कोकणातील एका पोलीस ठाण्यात नोंदलेला मराठी प्रथम खबर अहवाल मोबाईलवर छायाचित्र काढून पाठवला गेला असून त्याचा अरबी अनुवाद करावयाचा आहे. अशा प्रसंगी अनुवादकाचे पहिले कर्तव्य कागद सुधारणे हे नव्हे, तर तो आहे तसा पलीकडे पोहोचवणे हे होय, असे माझे मत आहे. हे वाटते तितके सोपे का नाही, ते पुढे पाहू.

नमुना अभ्यासासाठी रचलेला आहे, परंतु त्याचा साचा खराखुरा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका स्त्रीने फिर्याद दिली आहे. तिच्या पतीला संयुक्त अरब अमिरातीत नोकरी देतो असे सांगून एका एजंटाने व त्याच्या साथीदाराने १,२०,००० रुपये घेतले. प्रत्यक्षात पतीला केवळ भेटीच्या व्हिसावर पाठवले. घटनेचा काळ १२/०५/२०२४ पासून २०/०६/२०२४ पर्यंत, गुन्हा नोंदल्याचा दिनांक ०८/०७/२०२४, गुन्हा क्रमांक १२३/२०२४. कलमे अशी : भा.दं.वि. कलम ४२०, ४०६, ३४. अमिरातीतील न्यायालयांची भाषा, वित्तीय मुक्त क्षेत्रांतील न्यायालये वगळता, अरबी आहे आणि तेथे परवानाधारक कायदेशीर अनुवादकाचाच अनुवाद ग्राह्य धरला जातो. तरीही पतीने तेथे दाखवावयाचा पहिला मसुदा अनेकदा मराठी जाणणाऱ्यालाच करावा लागतो, कारण परवानाधारक अनुवादकाला मराठी येतेच असे नाही.

आरंभ छायाचित्रापासून करावा. कागद दुमडलेला, प्रकाश एका बाजूने आलेला, कोपरा कापलेला असा हा फोटो असतो. देवनागरी अंकांत १ आणि ९, तसेच ६ आणि ९ हे अस्पष्ट छायाचित्रात सहज मिसळतात. आपल्या नमुन्यात ‘४०६’ हे ‘४०९’ असे वाचले गेले तर काय होईल? भारतीय दंड संहितेचे कलम ४०६ हे विश्वासघाताच्या शिक्षेचे कलम असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. कलम ४०९ लोकसेवक, बँकर, व्यापारी, एजंट इत्यादींनी केलेल्या विश्वासघाताचे असून त्यात आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे. येथे आरोपी ‘एजंट’ म्हणवला जात असल्यामुळे दोन्ही वाचने अर्थाच्या दृष्टीने शक्य वाटतात. म्हणजे संदर्भावरून अंक ओळखण्याची आपली नेहमीची सवय येथे घातक ठरते. अंकाची खात्री दुसऱ्या अंकावरूनच करावी. कलमे अहवालाच्या वरच्या तक्त्यात असतात, आणि पुष्कळदा अंमलदाराच्या शेवटच्या नोंदीतही येतात. दोन्ही ठिकाणे ताडून पाहावीत. तरीही शंका राहिली तर दुसरी प्रत मागावी. फिर्यादीस अहवालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. प्रत मिळेपर्यंत त्या जागी चौकटी कंसात ‘गैर मकरू’, म्हणजे ‘वाचता न येणारे’, असे लिहावे. अंदाजाने भरलेला अंक मोकळ्या कंसापेक्षा अधिक विद्रूप असतो, कारण तो अंदाज आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

आता कलमांकडे वळू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. फसवणुकीचे जुने कलम ४२० तिच्यात ३१८(४) या ठिकाणी आले आहे. आपल्या नमुन्यातील अहवाल ८ जुलैचा आहे. त्याच्या शिरोभागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ छापलेले आहे, पण गुन्ह्याची कलमे मात्र जुन्या दंड संहितेची आहेत. जागरूक अनुवादकाला येथे चूक झाली असे वाटते आणि तो ४२० च्या जागी ३१८(४) लिहू पाहतो. वस्तुतः चूक काहीच नाही. कृत्य ज्या दिवशी घडले त्या दिवशीच्या कायद्याने त्याची शिक्षा ठरते. नोंदीची कार्यपद्धती मात्र नोंदीच्या दिवशी लागू असलेल्या कायद्याची असते. म्हणून एकाच कागदावर जुना आणि नवा असे दोन्ही कायदे येणे योग्यच आहे. सुधारणा केली तर अनुवाद मूळ कागदाशी जुळणार नाही आणि पलीकडील अधिकारी अनुवादकावरच नव्हे, फिर्यादीवरही अविश्वास दाखवील.

याउलट मोह अमिरातीतील फसवणुकीच्या कलमाचा क्रमांक देण्याचा होतो, कारण तो तेथील वाचकाला समजेल असे वाटते. तोही टाळावा. ‘भा.दं.वि.’ या संक्षेपाला अरबीत अर्थ नाही, म्हणून तो उलगडून ‘१८६० चा भारतीय दंड कायदा’ असे पूर्ण नाव द्यावे आणि ‘मादा’ (अरबीतील कायद्याचे कलम) या शब्दापुढे मूळ क्रमांक तसेच ठेवावेत. कलम ४२० म्हणजे काय हे सांगावयाचे असल्यास ते पृष्ठाखाली ‘अनुवादकाची टीप’ म्हणून सांगावे. मजकुरात घातले तर ते पोलिसांचे विधान होऊन बसते.

दिनांकांची अडचण दुहेरी आहे. पहिली, १२/०५ हे ५ डिसेंबर असे वाचले जाऊ शकते आणि ०८/०७ हे ७ ऑगस्ट असे. दुसरी लिपीची आहे. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण संख्येतील अंक डावीकडून उजवीकडेच असतात. संगणकावर अरबी शब्दानंतर आडव्या रेघांनी जोडलेला दिनांक टंकित केला, तर त्याचे तुकडे पडद्यावर उलट्या क्रमाने दिसतात आणि वर्ष दिवसाच्या जागी जाते. शिवाय अरब देशांत प्रचलित असलेला पाचाचा अंक आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचे शून्य केवळ एक ठिपका असते. छायाप्रतीत तो ठिपका हरवतो. या सर्वांवर उपाय साधा आहे. महिना अक्षरांत लिहावा. आखाती देशांत मे महिन्याला ‘मायू’ आणि जुलैला ‘यूलियू’ म्हणतात. वर्ष चार अंकी ठेवावे. गुन्हा क्रमांक तिरक्या रेघेऐवजी ‘क्रमांक १२३, सन २०२४’ या अरबी पद्धतीने द्यावा. हिजरी दिनांकात रूपांतर करू नये. चंद्रदर्शनानुसार त्यात एका दिवसाचा फरक पडू शकतो. पडताळणीसाठी अहवालातील ‘वार’ हा रकाना उपयोगी पडतो. १२ मे २०२४ रोजी रविवार होता, आणि तक्त्यातही रविवार असेल तर वाचन बरोबर आहे.

रकमेबाबतही हेच. ‘१,२०,०००’ मधील स्वल्पविराम अरब वाचकाला चुकीचे वाटतील. म्हणून ‘१२०,०००’ असे लिहून पुढे अक्षरांत ‘एकशे वीस हजार भारतीय रुपये’ द्यावे. दिरहमांत रूपांतर करू नये.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे जबाब. पोलिसी मराठीत अरबी मूळ असलेले शब्द इतके आहेत की अनुवाद सोपा होईल असा भ्रम होतो. प्रत्यक्षात हेच शब्द फसवतात. ‘तक्रार’ याचा अरबीतील अर्थ पुनरावृत्ती. ‘कलम’ म्हणजे लेखणी. ‘अनोळखी इसम’ यातील ‘इसम’ म्हणजे नाव. ‘जबाब’ म्हणजे उत्तर. आणि ‘हकीकत’ म्हणजे सत्य! अहवालात ‘थोडक्यात हकीकत’ असे शीर्षक असते. तेथे आपल्याला केवळ फिर्यादीने सांगितलेली घटना अभिप्रेत असते. अरबीत तोच शब्द ठेवला तर न तपासलेला आरोप सिद्ध सत्य म्हणून उभा राहतो. म्हणून तेथे ‘फिर्यादीचा आशय’ या अर्थाचा शब्दप्रयोग करावा, आणि जबाबाला ‘इफादा’ हा शब्द वापरावा. उलट, प्रत्येक वाक्यामागे ‘तिचा दावा आहे’ असेही जोडू नये. विशेषतः ‘ज़अमा’ या अरबी क्रियापदात सांगणाऱ्यावरील अविश्वास दडलेला असतो. आरोपीला ‘मुत्तहम’ म्हणावे, ‘मुजरिम’ नव्हे.

व्याकरणाचा एक प्रश्न तर थेट कलम ३४ शी जोडलेला आहे. फिर्यादी म्हणते : “एजंट आमच्या घरी आले. त्यांनी रोख रक्कम घेतली.” मराठीत ‘त्यांनी’ हे आदरार्थी एकवचन असू शकते किंवा खरे अनेकवचन. अरबीत ही सोय नाही. तेथे एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन यांची क्रियारूपे वेगळी आहेत. अनुवादकाला एकच माणूस होता की दोघे, हे ठरवावेच लागते. कलम ३४ अनेकांनी समान उद्देशाने केलेल्या कृत्याविषयी असल्यामुळे, पैसे घेताना दोघे होते की नाही याला महत्त्व आहे. जबाबात पुढेमागे साथीदाराची उपस्थिती स्पष्ट असेल तर द्विवचन वापरावे. नसेल तर ‘एजंटाच्या बाजूने रक्कम घेण्यात आली’ अशी रचना करून, मूळ रूप दोन्ही अर्थांचे आहे अशी टीप द्यावी.

याच्या उलट बाजूने एक गोष्ट हरवते. ‘मी गेले, मी दिले’ यातील ‘गेले’ वरून बोलणारी स्त्री आहे हे मराठीत लगेच कळते. अरबी प्रथमपुरुषी क्रियापदात लिंगभेद नाही. जबाब प्रथमपुरुषीच ठेवावा, कारण तो तिचा आहे. फिर्यादीचे स्त्रीलिंगी नामरूप मात्र शीर्षकात जपावे. ‘ती मला वाचून दाखविली, ती माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ हे शेवटचे ठराविक वाक्य निरर्थक समजून गाळू नये. जबाब तिच्या संमतीने नोंदला गेल्याची ती एक महत्त्वाची खूण असते.

मूळ कागदातच विसंगती असेल, उदाहरणार्थ तक्त्यात १२ मे आणि जबाबात १३ मे, तर दोन्ही तसेच ठेवून पुढे ‘मूळात असेच’ या अर्थाची अरबी खूण करावी. शिक्का, सही, कापला गेलेला कोपरा यांचीही कंसात नोंद घ्यावी. शेवटी, अनुवाद न केलेल्या व्यक्तीने अरबी प्रतीतील प्रत्येक अंक मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने तो छायाचित्रावर बोट ठेवून तपासावा. अर्ध्या तासाच्या या कामात जो अंक जुळणार नाही, त्याची मूळ प्रत मागवल्याशिवाय कागद हातातून सोडू नये.