हजार भेटी, वीस मागण्या

सांगलीच्या एका वस्त्रव्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर महिन्यात १००० सत्रे झाली, मागण्या आल्या २०. सत्र म्हणजे ग्राहक नव्हे, भेट. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये अर्धा तास हालचाल थांबली की पुढची भेट नवी मोजतात. रूपांतरण दर अवघा २ टक्के पाहून शेठजी जाहिरात वाढवणार होते. कन्येने आकडे उपकरणानुसार वेगळे काढले: मोबाइलवर ८०० सत्रांत ८ मागण्या, संगणकावर २०० सत्रांत १२. मोबाइलचा बाउन्स रेट ७० टक्के. दहा सेकंदांत, दुसरे पान न उघडता, खरेदीविना परतलेल्या या भेटी. शेठजींनी स्वतःच्या फोनवर दुकान उघडले, तर साड्यांची जड छायाचित्रे उमटेचनात. जाहिरातीची रक्कम तूर्त गल्ल्यातच राहिली. छायाचित्रे हलकी केली. पण वीस मागण्यांवरून निष्कर्ष काढणे घाईचे, म्हणून दोन महिने केवळ मोबाइलचे आकडे वहीत उतरवायचे ठरले.