नवाजिश कुणाची?

आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या सत्कार समारंभांत ‘अमुक पुरस्काराने नवाजण्यात येत आहे’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. मुशायऱ्यात मात्र दाद मिळाली की शायर उजवा हात कपाळाकडे नेत म्हणतो, ‘आदाब, नवाजिश!’ म्हणजे, ही तुमची कृपा. शब्द तोच, पण तिथे तो घेणाऱ्याच्या तोंडी असतो. नवाजणं म्हणजे मोठ्याने लहानावर मेहेरबानी करणं. ती आपण केली असं आपणच सांगणं उर्दू तहजीबीत बसत नाही. म्हणून तर समोरच्याचं घर दौलतखाना आणि आपला वाडा असला तरी गरीबखाना. मराठीत ‘अदबीने’ टिकलं, पण नवाजणं आयोजकांच्या हाती गेलं. ऐंशीच्या गुरुजींना तिशीतल्या कार्यवाहाने नवाजावं, हे मला तरी खटकतं. ‘गुरुजींनी सत्कार स्वीकारला’ एवढं पुरे की!