दोनशे रुपयांचा प्रश्न

"दोनशे रुपयांसाठी कुठं साहेबांशी वाद घालायचा, काकू?" नोकरी करणाऱ्या आपल्या मुलींच्या तोंडी हे वाक्य मी बरेचदा ऐकते. माझं म्हणणं असं, की वाद घालूच नये. पण विचारावं जरूर, आणि तेही लिहून विचारावं.

पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, नावाची एक कपात असते. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला. पुरुषाचा महिन्याचा पगार दहा हजारांच्या वर असेल, तर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. स्त्रियांसाठी मात्र नियम वेगळा आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रीला हा कर अजिबात नाही. आधी ही सूट दहा हजारांपर्यंतच होती. आपल्या भागातल्या दुकानांत, दवाखान्यांत, ऑफिसांत काम करणाऱ्या किती जणींचा पगार पंचवीस हजारांच्या आत आहे, ते तुम्हीच बघा.

आमच्या ओळखीतली एक मुलगी कराडजवळ मलकापूरला एका शोरूममध्ये बिलिंगला आहे. पगाराचं सगळं काम पुण्याच्या हेड ऑफिसातून होतं. तिचा पगार १८,५००. त्यातून प्रॉव्हिडंट फंडाचे १,४४० आणि व्यवसाय कराचे २०० जाऊन हातात १६,८६० यायचे. फेब्रुवारीत १६,७६० च आले, तेव्हा शंभर रुपये कुठे गेले म्हणून तिने स्लिप नीट पाहिली. चूक ओळखण्याची खूण हीच. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे जात असतील, तर तुम्हाला करपात्र धरलंय असं समजावं.

मॅनेजरला तोंडी विचारलं तर "सगळ्यांचाच कापतात" एवढंच उत्तर मिळालं. त्यांचं तरी काय चुकलं? पगार ते करतच नाहीत. मग तिने पगार विभागाला मेल केला, तो असा:

"विषय: ऑगस्ट २०२४ ते फेब्रुवारी २०२५ मधील व्यवसाय कर कपातीबाबत.

माझा एकूण मासिक पगार १८,५०० रुपये आहे. ऑगस्ट ते जानेवारी हे सहा महिने दरमहा २०० प्रमाणे १,२०० आणि फेब्रुवारीत ३००, असे एकूण १,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले आहेत. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असलेल्या स्त्रियांना हा कर लागू नाही. कृपया माझ्या नोंदीत 'स्त्री' अशी नोंद आहे का ते तपासावे, मार्चपासून ही कपात बंद करावी आणि कापलेले १,५०० रुपये मार्चच्या पगारात द्यावेत. सातही स्लिपा सोबत जोडल्या आहेत. उत्तर मेलवरच कळवावे."

खाली नाव आणि कर्मचारी क्रमांक. बस्स. कुणी लुबाडलं, अन्याय केला, असा एक शब्द नाही. प्रत्येक आकडा स्लिपवरचा, आणि काय दुरुस्त करायचं ते स्पष्ट. असा मेल बाजूला सारणं अवघड असतं.

तपासल्यावर निघालं काय, तर तिचं नाव भरताना संगणकात स्त्री-पुरुषाचा रकानाच चुकला होता. पुढचा हिशेब यंत्राने बिनबोभाट पुरुषाच्या दराने केला. मार्चला कपात शून्य झाली. नेहमीचे १७,०६० आणि मागचे १,५०० मिळून १८,५६० रुपये खात्यात जमा झाले.

कधी कधी "पैसे सरकारला भरून झाले" असं उत्तर येतं. तरी मागं हटू नका. जादा भरलेला कर कसा सोडवायचा, हा कंपनी आणि सरकारी खात्यातला प्रश्न आहे. कापले कंपनीने, तेव्हा मागायचे कंपनीकडेच.

मात्र मेल करण्याआधी एक खात्री करा. पंचवीस हजारांची मर्यादा कपातीआधीच्या एकूण पगाराला आहे, हातात पडणाऱ्या रकमेला नाही. एकूण पगार २६,००० असेल आणि हातात २३,००० येत असतील, तर ते दोनशे रुपये योग्यच आहेत. तिथे तक्रार केली तर आपलंच हसं होईल.

वर्षाचे अडीच हजार म्हणजे लेकराच्या वह्या-दप्तराचा खर्च. घरात दुधाचा, किराण्याचा हिशेब पैशापैशाने ठेवणाऱ्या आपण, स्वतःच्या पगाराची स्लिप मात्र न उघडताच ठेवून देतो. हे काही बरं नव्हे. या महिन्याची स्लिप आली की कपातीचा रकाना आधी वाचा.